प्राणायामानंतरचं बीपी आणि दिवसभराचं बीपी

प्रश्न : वय ४७. दीड वर्षापासून अ‍ॅम्लोडिपिन ५ ची एक गोळी रोज चालू आहे. दोन महिन्यांपासून पहाटे अर्धा तास अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि दहा मिनिटं ध्यान करतो. ते झाल्यावर घरच्या मशीनवर ११८/७६ च्या आसपास येतं. मागच्या आठवड्यात चार दिवस गोळी घेतली नाही, तरी १२०-१२२ च होतं. दवाखान्यात मात्र १४४/९०. डॉक्टर म्हणतात गोळी सोडायची नाही. योगानं बीपी खरंच किती उतरतं? गोळी बंद करता येईल का?

उत्तर :

तुमच्याकडे दोन आकडे आहेत. एक घरचा, तुम्हाला आवडणारा. दुसरा दवाखान्यातला, डॉक्टरांना पटणारा. माझ्या मते या दोन्हींपैकी एकही तुमचं बीपी नाही. ते बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि अजून कुणी मोजलेलंच नाही. गोळीचा निर्णय त्या न मोजलेल्या आकड्यावर ठरतो, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

मी तालुक्याच्या गावात चोवीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय, आणि स्वतः पहाटे वीस मिनिटं प्राणायाम करतो. तेव्हा योगाला नाकं मुरडणारा माणूस लिहितोय असं समजू नका. पण तुम्हाला शुगर आहे का, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती, गोळी सुरू करताना बीपी किती होतं, यातलं काहीच मला माहीत नाही. त्यामुळे ‘बंद करा’ किंवा ‘करू नका’ असं मी इथून सांगणार नाही. ते कसं ठरवायचं एवढं सांगतो.

आधी ११८ चं बघू. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारे ताणसंवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाची गती कमी करतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो. या सगळ्या फेऱ्याला स्वतःची एक लय असते, साधारण दहा सेकंदांची. श्वासाचीही लय असते. घेताना नाडी थोडी वेगात, सोडताना थोडी सावकाश. एरवी आपण मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो, तेव्हा या दोन लयी आपापल्या चालतात. श्वास मिनिटाला सहावर आणला की एका श्वासाला दहा सेकंद लागतात आणि दोन्ही लयी एकमेकींवर बसतात. झोका नेमका परत फिरताना हात लावला की उंच जातो, तसं हे. संवेदकांचा प्रतिसाद वाढतो आणि दाब उतरतो.

२००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी एक मजेशीर गोष्ट दाखवली. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणा किंवा ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणा, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हा प्रतिसाद वाढतो. पुढे २००५ मध्ये बीपीच्या रुग्णांना नुसतं सहाच्या गतीनं श्वास घ्यायला लावलं. वरचं बीपी सुमारे १५० वरून १४१ वर आणि खालचं ८३ वरून ७८ वर आलं, तेही काही मिनिटांत. म्हणजे तुमच्या मशीनवरचा आकडा खोटा नाही. पण तो श्वास घेत असतानाचा आणि त्याच्या लगेच नंतरचा आहे. थंड पाण्यानं आंघोळ करून बाहेर आल्याबरोबर ताप बघितला तर थर्मामीटर चुकत नाही, मोजण्याची वेळ चुकते. तुम्ही दिवसातल्या सर्वांत शांत क्षणी मोजताय आणि उरलेले तेवीस तास त्यातच मोजले गेले असं धरताय.

आता त्या चार दिवसांचं. इथे फसायला होतं आणि माझ्याकडे येणारे बरेच लोक इथेच फसलेले असतात. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश निघतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला तीस ते पन्नास तास लागतात. चार दिवस गोळी घेतली नाही तरी चौथ्या दिवशी आधीच्या प्रमाणाचा साधारण दहावा ते चौथा हिस्सा अंगात असतोच. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस तर त्याहून कितीतरी जास्त असतो. तुम्हाला वाटलं, गोळीशिवाय बीपी १२०. प्रत्यक्षात गोळी तुमच्या नकळत काम करत होती. औषध पूर्ण निघून गेल्यावरही दाब कधीकधी आठवड्या-दोन आठवड्यांनी हळूहळू वर चढतो. म्हणून गोळी कमी केल्यावरचा निकाल चार आठवड्यांच्या आत मी वाचत नाही.

ही सवड अ‍ॅम्लोडिपिनमध्ये आहे, सगळ्या गोळ्यांत नाही. मेटोप्रोलोलसारखं किंवा क्लोनिडिनसारखं औषध असं एकदम सोडलं तर दाब आणि नाडी दोन्ही उसळतात. क्लोनिडिनमध्ये एक-दोन दिवसांतच, आणि हृदयविकार असलेल्या माणसाला त्यात झटकाही येऊ शकतो. तुमचा अनुभव ऐकून शेजारी त्याची गोळी सोडेल, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मग योगानं टिकाऊ असं किती उतरतं? मुंबईच्या केईएममध्ये डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी बीपीच्या ४७ रुग्णांना रोज शवासन शिकवलं आणि १९६९ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे डॉ. विनेकरही होते. बऱ्याच जणांचं बीपी चांगलं उतरलं, अनेकांच्या औषधाचा डोस कमी करता आला. त्या काळात हे मोठं काम होतं. उणीव एकच. शवासन न करणारा, पण तितक्याच वेळा येऊन तितकंच लक्ष मिळालेला गट शेजारी नव्हता.

असा गट का लागतो ते १९७५ मधल्या डॉ. चंद्रा पटेल यांच्या लंडनमधल्या प्रयोगात दिसतं. योगिक शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक, म्हणजे शरीरातले बदल यंत्रावर बघत ते ताब्यात आणणं, शिकलेल्या गटाचं बीपी १६८/१०० वरून १४१/८४ वर आलं. नुसतं विश्रांती घ्यायला सांगितलेल्या गटाचंही १६९/१०१ वरून १६०/९६ झालं. म्हणजे काहीही न शिकवता नऊ पॉइंट कमी! नवखेपणा जातो, दवाखान्याची भीती कमी होते, आणि ज्यांचं बीपी पहिल्या दिवशी योगायोगानं फार वर होतं त्यांचं पुढे आपसूकच थोडं खाली येतं. हे नऊ वजा केल्यावर राहतं ते योगाचं. त्या प्रयोगात तेही भरघोस होतं, पण रुग्ण अवघे ३४ होते आणि सुरुवातीचं बीपी खूप जास्त.

पुढे अनेक प्रयोग एकत्र करून जे हिशोब झाले, त्यांत योगाचा परिणाम वरच्या आकड्यात सुमारे पाच आणि खालच्यात सुमारे चार पॉइंट निघतो. श्वसन आणि ध्यान दोन्ही असलेल्या योगात आणि मुळात बीपी वाढलेल्या लोकांत तो जास्त दिसतो. प्रयोग जितका काटेकोर, तितका परिणाम कमी, हेही तिथे दिसतं. श्वास मंद करायला लावणारं एक यंत्र अमेरिकेत विकलं जातं. त्याच्या सगळ्या प्रयोगांची सरासरी साडेतीन-चार पॉइंट होती. उत्पादकाच्या पैशानं झालेले प्रयोग बाजूला काढले आणि परिणाम नाहीसा झाला. ध्यानात महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा अभ्यास जास्त झालाय. २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं त्याला ‘विचार करता येईल’ इतपत जागा दिली आणि ध्यानाच्या बाकी प्रकारांसाठी पुरावा अपुरा ठरवला.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटला तो २०१८ मधला जर्मनीतला प्रयोग, कारण त्यातले ७५ रुग्ण तुमच्यासारखेच आधीपासून गोळ्या घेणारे होते आणि बीपी चोवीस तास मोजलेलं होतं. बारा आठवड्यांनी वरचं बीपी उतरलं ते आसनं वगळून फक्त श्वसन आणि ध्यान करणाऱ्या गटाचं. आसनं करणाऱ्यांचं तेव्हा तितकं नाही. तेव्हापासून गुडघे दुखणाऱ्या माणसाला ‘पद्मासन जमत नाही म्हणून योग नको’ ही सबब मी चालू देत नाही. खुर्चीत बसून करा.

अंदाज म्हणून तुलना करा. बीपीच्या एका औषधाच्या नेहमीच्या डोसानं सरासरी नऊ आणि पाच पॉइंट उतरतात. रोजच्या मंद श्वसनानं चार-पाच. म्हणजे ढोबळमानानं अर्धी गोळी, तीही नियमित केलं तर. ही काही कमी गोष्ट नव्हे, कारण वरचं बीपी पाच पॉइंटनी उतरलं तर हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण दहा टक्क्यांनी कमी होतात. पण १६० ची व्यक्ती यावर १२५ होणार नाही.

आता एक रुग्ण. माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका, वय ५२. अगदी तुमच्यासारखीच गोष्ट : अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू, पहाटे प्राणायाम, नंतर मोजलं की ११६ ते १२०. वहीभर आकडे घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, ‘बाई, ही वही प्राणायामाची आहे. आता बीपीची वही करू.’

सात दिवस त्यांनी असं मोजलं. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा, गोळी आणि प्राणायाम या तिन्हींच्या आधी. संध्याकाळी जेवणाआधी. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता, पाच मिनिटं गप्प बसून. दंड हृदयाच्या उंचीवर टेबलावर टेकलेला. दर वेळी एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा. पहिला दिवस सोडून दिला, कारण त्या दिवशी सगळ्यांचंच जास्त येतं. सहा दिवसांचे चोवीस आकडे उरले. सरासरी १३८/८८. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या खाली हवी. गोळी बंद करायची म्हणून आल्या होत्या, आणि गोळी घेऊनही बीपी हवं तितकं ताब्यात नव्हतं!

विश्वास बसेना म्हणून एका रविवारी त्यांनीच प्रयोग केला. प्राणायामाआधी १४०. संपल्याबरोबर ११९. पंधरा मिनिटांनी १२८. तासाभरानं, स्वयंपाकघरातून येऊन पाच मिनिटं बसल्यावर, १३७. मग पटलं. तुम्हीही हे एकदा करून बघा. कुणाच्या सांगण्यापेक्षा आपल्याच वहीतले चार आकडे लवकर पटतात.

त्यांचा प्राणायाम बघितला तर अनुलोम-विलोम भराभर, मध्ये बराच वेळ कुंभक, आणि शेवटी तीनशे कपालभाती. मी कुंभक आणि कपालभाती थांबवून नुसता मंद श्वास ठेवला. पण त्याच वेळी आणखी दोन गोष्टी सापडल्या. गुडघ्यासाठी त्या जवळजवळ रोज डायक्लोफेनॅकची गोळी खात होत्या, आणि दोन्ही जेवणांत लोणचं-पापड होतं. दुखण्याच्या अशा गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात. दोन्ही बंद केलं. दहा आठवड्यांनी, तीच मोजण्याची रीत, सरासरी १२९/८२.

यातलं श्वासाचं किती? प्रामाणिक उत्तर असं की वेगळं काढता येत नाही. माझा अंदाज विचाराल तर मोठा वाटा डायक्लोफेनॅक आणि लोणचं-पापडाचा. त्यांना मात्र सगळं श्रेय प्राणायामाला द्यायचं होतं. मी वाद घातला नाही.

मग त्यांनी परत विचारलं, आता गोळी? क्रिएटिनिन आणि शुगर ठीक, ईसीजी ठीक, म्हणून ५ ची २.५ केली आणि दर आठवड्याला तीन दिवस मोजायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात सरासरी १२८. खूश होऊन त्यांचा फोन आला. दुसऱ्या आठवड्यात १३१. चौथ्यात १३६/८६. पुन्हा ५ वर आणलं आणि महिन्याभरात १२९ ला परत आलं. पहिल्याच आठवड्यात निकाल लावला असता तर उरलेली २.५ पण बंद झाली असती. गोळी पूर्ण सुटलेलेही रुग्ण माझ्याकडे आहेत, पण त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचं मुळातलं बीपी थोडंच वाढलेलं होतं आणि त्यांनी सात-आठ किलो वजन उतरवलं होतं. नुसत्या प्राणायामावर सुटलेला मला आठवत नाही.

करायचं कसं, हे थोडक्यात. नाकानं श्वास. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, किंवा पाच-पाच. मिनिटाला सहा. एकदम जमत नसेल तर पहिले आठ-दहा दिवस मिनिटाला आठ घ्या, मग कमी करा. दिवसात पंधरा मिनिटं, एका बैठकीत किंवा दोन वेळा मिळून. श्वास मंद हवा, छाती फुटेस्तोवर खोल नको. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा घेताय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतोय. श्वास तितकाच लांब ठेवून उथळ करा. अनुलोम-विलोम याच गतीनं केला तर चालतो. भ्रामरीत श्वास सोडणं आपोआप लांबतं, म्हणून तीही चालते. तुमची दहा मिनिटं ध्यानाची आवडत असतील तर ठेवा. परिणाम बघायचा तर आठ ते बारा आठवडे द्या. आणि सोडून दिलं की काही आठवड्यांत परिणामही जातो.

बीपी ताब्यात येईपर्यंत कुंभक, वेगवान भस्त्रिका आणि कपालभाती, शीर्षासन आणि सर्वांगासन बाजूला ठेवा. श्वास कोंडला आणि स्नायू आवळून धरले की दाब त्या क्षणी चढतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली करणारी आसनं कधीच नकोत, डोळ्यातला दाब वाढतो.

आता दवाखान्यातल्या १४४ बद्दल. तो आकडाही मी जसाच्या तसा धरणार नाही. रांगेत बसून, जिना चढून, डॉक्टर समोर असताना मोजलेलं बरेचदा जास्त येतं. वर लिहिलेल्या रीतीनं सात दिवस मोजून, गोळी नियमित घेत असताना, सरासरी १२५/८० आली तर तुमचा प्राणायाम आणि गोळी मिळून छान चाललंय, आणि डोस कमी करून बघण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला तुमच्याकडे पुरावा आहे. १३५/८५ च्या वर आली तर आत्ता कमी करण्याचा विषयच नाही. मधे अडकली किंवा घर-दवाखान्यात फार तफावत राहिली तर चोवीस तासांचं बीपी मोजणारा पट्टा एक दिवस लावून घ्या. त्यात झोपेतलंही कळतं, जे प्राणायामाच्या वहीत कधीच येत नाही. मशीन दंडाचं वापरा, मनगटाचं नको, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो.

आणि इतकं करूनही आकडा हलत नसेल तर श्वासाला दोष देत बसू नका, कारण शोधा. मोठ्यानं घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणतात का? दिवसा पेंगता का? तो आजार बीपी वर धरून ठेवतो आणि पहाटेच्या प्राणायामाला बधत नाही. मूत्रपिंडाचे आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे आजारही तसेच. दुखण्याच्या गोळ्यांचं वर आलंच. खोकल्यासाठी किंवा पित्तासाठी ज्येष्ठमध रोज घेत असाल तर तेही सांगा. पोटॅशियम उतरवून बीपी वाढवणारी ती चीज आहे आणि ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून कुणी डॉक्टरांना सांगत नाही.

एका प्रसंगी मात्र श्वास मोजत बसायचं नाही. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूची ताकद जाणं, दिसायला अंधुक होणं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा. एक गृहस्थ अशा वेळी घरी पाऊण तास अनुलोम-विलोम करत बसले होते. आकडा १९६ चा १८२ झाला म्हणून घरचे निर्धास्त झाले. उजवा हात तेव्हाच उचलत नव्हता.

तुमच्यासाठी पहिलं काम हे : उद्यापासून गोळी परत नियमित सुरू, प्राणायाम चालूच, आणि दहा दिवसांनी सात दिवसांची ती वही. दहा दिवस अशासाठी की मधे चुकलेल्या गोळ्यांचं प्रमाण रक्तात भरून यायला तेवढा वेळ लागतो. वहीच्या पहिल्या पानावर दुखण्याच्या गोळ्या, घोरणं, वजन आणि शेवटचं क्रिएटिनिन लिहा, आणि ती वही तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा.